ब्लूजचे बारा बार : जिथे तणावाचा स्वर घरचा होतो

खास प्रतिनिधी

पाश्चात्त्य संगीताच्या पाठ्यपुस्तकात ‘डॉमिनंट सेव्हन्थ’ हा अस्थिर, पुढे कुठेतरी जाऊ पाहणारा स्वरसंघात मानला जातो. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीतात मात्र हाच स्वरसंघात आरंभी असतो, मध्ये असतो आणि शेवटीही असतो. तरीही कानाला काही अपुरे राहिल्यासारखे वाटत नाही. असे का होते, याचा घरच्या हार्मोनियमवर करून पाहता येण्याजोगा उलगडा.

मुंबईत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ मध्ये महिंद्रा ब्लूज महोत्सव सुरू झाला आणि शिकागोचे ज्येष्ठ गिटारवादक बडी गाय यांना प्रत्यक्ष ऐकण्याची संधी येथील रसिकांना मिळाली. तोपर्यंत ब्लूज हा आपल्याकडे प्रामुख्याने ध्वनिमुद्रिकांतून आणि रॉक संगीताच्या आडवाटेने पोहोचलेला प्रकार होता. एल्व्हिस प्रिस्ले यांचे १९५६ मधील ‘हाउंड डॉग’, चक बेरी यांचे १९५८ मधील ‘जॉनी बी. गुड’ किंवा बीटल्सचे १९६४ मधील ‘कान्ट बाय मी लव्ह’ ज्यांनी ऐकले आहे, त्यांनी ब्लूजचा सांगाडा नकळत ऐकलेला आहे. बारा बारांचा हा सांगाडा इतका साधा, की होतकरू गिटारवादक तो एका दुपारी शिकतो. मात्र तो कानाला इतका स्वाभाविक का वाटतो, हे विचारले तर उत्तर तितके सोपे नाही. कारण हार्मनीच्या रूढ नियमांप्रमाणे तो स्वाभाविक वाटायलाच नको.

बारा बार म्हणजे काय?

येथील ‘बार’ या शब्दाचा मद्यालयाशी संबंध नाही. पाश्चात्त्य स्वरलेखनात दोन उभ्या रेघांमधील ठरावीक मात्रांच्या गटाला बार म्हणतात. ब्लूजमध्ये एका बारात बहुधा चार मात्रा असतात. म्हणजे बारा बार मिळून अठ्ठेचाळीस मात्रांचे एक आवर्तन होते. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर हे आवर्तन २४ सेकंदांत पूर्ण होते. ते संपले की पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. गाणे संपेपर्यंत तेच चक्र फिरत राहते.

या आवर्तनात तीनच मुख्य स्वरसंघात, म्हणजे कॉर्ड, असतात. त्यांचे पाया-स्वर आपल्या भाषेत सांगायचे तर षड्ज, मध्यम आणि पंचम. त्यांची सर्वाधिक प्रचलित मांडणी अशी :

बार १ ते ४ : सा – सा – सा – सा
बार ५ ते ८ : म – म – सा – सा
बार ९ ते १२ : प – म – सा – प

यातील प्रत्येक ओळ ही गाण्याचीही एक ओळ असते. गायक पहिली ओळ म्हणतो, तीच ओळ पुन्हा म्हणतो आणि तिसऱ्या ओळीत त्या दोन्हींना उत्तर देतो. शब्द साधारणतः पहिल्या दोन बारांत संपतात. उरलेल्या दोन बारांत गिटार किंवा पियानो त्यांना जबाब देतो. दुसरी ओळ शब्दांनी पहिल्यासारखीच असते आणि पुष्कळदा तिची चालही जवळपास तीच असते. बदलतो तो फक्त खालचा कॉर्ड : षड्जाच्या जागी मध्यम. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी; पुढच्या उलगड्याची किल्ली तिच्यातच आहे.

नियम काय सांगतो?

साध्या कॉर्डमध्ये तीन स्वर असतात. षड्जाचा कॉर्ड म्हणजे सा, ग, प. हा स्थिर असतो. त्यात कोमल निषाद मिळवला की चार स्वरांचा ‘सेव्हन्थ’ कॉर्ड तयार होतो : सा, ग, प, कोमल नी. एकाच स्वराची ही भर, पण तिने कॉर्डचा स्वभाव पालटतो.

कारण असे की शुद्ध गंधार आणि कोमल निषाद यांच्यात बरोबर सहा अर्धस्वरांचे, म्हणजे अर्ध्या सप्तकाचे अंतर असते. षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्यात असते तेच हे अंतर. युरोपीय कानाने या अंतराला शतकानुशतके अस्वस्थतेचे लक्षण मानले. हे दोन स्वर एकत्र वाजले की ते एकमेकांपासून सुटू पाहतात : गंधार वर मध्यमाकडे सरकतो, कोमल निषाद खाली धैवताकडे उतरतो आणि मध्यमाचा साधा कॉर्ड आला की समाधान होते. याला सुटका किंवा निराकरण म्हणता येईल.

हे पडताळण्यासाठी हार्मोनियम पुरेसा आहे. पांढरी एक हा षड्ज धरावा. आता पंचमाचा सेव्हन्थ, म्हणजे पांढरी पाच, पांढरी सात आणि वरच्या सप्तकातील पांढरी दोन व पांढरी चार, एकत्र दाबून थांबावे. वाक्य अर्धवट राहिल्याची जाणीव होते. लगेच वरच्या सप्तकातील षड्जाचा साधा कॉर्ड, पांढरी एक, तीन आणि पाच, दाबावा. वाक्य पूर्ण होते. चर्चमधील स्तोत्रांपासून मोझार्टच्या रचनांपर्यंत, असंख्य ठिकाणी शेवट असाच होतो. या व्यवस्थेत सेव्हन्थ कॉर्डची मुख्य जागा पंचमावर. तेथून षड्जाकडे ढकलणे हे त्याचे काम. पंचमाला इंग्रजीत डॉमिनंट म्हणतात, म्हणून कॉर्डचे नावही डॉमिनंट सेव्हन्थ.

ब्लूजमध्ये मात्र तिन्ही पायांवर हाच कॉर्ड असतो. पंचमाच्या सेव्हन्थबद्दल तक्रार नाही, तो आपल्या जागीच आहे. प्रश्न उरतो तो षड्जाचा आणि मध्यमाचा. षड्ज हे घर. मग घरातच अस्वस्थता कशी? नियमाप्रमाणे षड्जाच्या सेव्हन्थने मध्यमाकडे पळावे आणि मध्यमाच्या सेव्हन्थने आणखी पुढे, कोमल निषादाच्या कॉर्डकडे जावे. प्रत्यक्षात मध्यमाचा सेव्हन्थ तिकडे कधी फिरकतही नाही. दोन बार थांबून तो मुकाट्याने षड्जाकडे परततो आणि तेथे पुन्हा सेव्हन्थच असतो.

उत्तर गळ्यात आहे

उलगड्याचा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा भाग असा की ब्लूजमधील हे जादा स्वर कॉर्डच्या शास्त्रातून आलेले नाहीत. ते गळ्यातून आले.

अमेरिकेत १८६५ मध्ये गुलामगिरी संपल्यानंतर दक्षिणेकडील राज्यांत, विशेषतः मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यात, कृष्णवर्णीय मजुरांच्या गाण्यांतून ब्लूज घडत गेला. या गायनात गंधार आणि निषाद हे दोन स्वर पियानोच्या पट्ट्यांवर बसत नसत. गंधार शुद्धही नव्हे आणि कोमलही नव्हे. तो दोहोंच्या मधल्या जागेत, कधी इकडे कधी तिकडे झुकत, पुष्कळदा घसरत लागे. निषादही असाच कोमलाच्या आसपास राही. या स्वरांना पुढे ‘ब्लू नोट’ हे नाव पडले. दरबारी कानड्यातील आंदोलित गंधार ज्यांनी ऐकला आहे, त्यांना स्वराची जागा हा एक ठिपका नसून एक पट्टा असू शकतो, हे वेगळे सांगायला नको. अर्थात हे साम्य समजुतीपुरते. दोन्ही परंपरांचा एकमेकींशी ऐतिहासिक संबंध नाही.

बँडमास्टर डब्ल्यू. सी. हँडी यांनी १९०३ च्या सुमारास मिसिसिपीतील टटवायलर येथील रेल्वे स्थानकावर एका अनोळखी माणसाला गिटारच्या तारांवर सुरी घासत गाताना ऐकले. पुढे १९१२ मध्ये ‘मेम्फिस ब्लूज’ आणि १९१४ मध्ये ‘सेंट लुइस ब्लूज’ या त्यांच्या रचना छापून प्रसिद्ध झाल्या. गळ्यातील ते मधले स्वर कागदावर कसे उतरवायचे, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी आपला तोडगा सांगितला आहे : गाण्याची चौकट शुद्ध गंधाराची ठेवून चालीमध्ये कोमल गंधार आणि कोमल निषाद घालायचे. पियानोला मधला स्वर येत नाही, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंचे स्वर वापरायचे, असे हे गणित.

आता हे दोन कोमल स्वर बारा बारांच्या कॉर्डवर ठेवून पाहू. षड्जाच्या सेव्हन्थमध्ये कोणता जादा स्वर येतो? कोमल निषाद. मध्यमाचा सेव्हन्थ म्हणजे म, ध, सा आणि त्यावर कोमल गंधार. म्हणजे येथील जादा स्वर कोमल गंधार. गायकाच्या गळ्यात जे दोन स्वर आधीपासून आहेत, नेमके तेच दोन स्वर या दोन कॉर्डमध्ये ‘सेव्हन्थ’ म्हणून येऊन बसतात. कानाला ते परके वाटत नाहीत, कारण गायकाने त्यांची ओळख आधीच करून दिलेली असते. युरोपीय संगीतात षड्जावरचा कोमल निषाद हा बाहेरून आलेला पाहुणा असतो. आता येथून निघायचे आहे, असे तो सांगतो. ब्लूजमध्ये तो घरातलाच माणूस असतो.

मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट येथे उपयोगी पडते. पहिल्या ओळीत गायक कोमलाकडे झुकलेला गंधार लावतो, तेव्हा खाली षड्जाच्या कॉर्डमध्ये शुद्ध गंधार वाजत असतो. दोन्ही एकमेकांना घासतात. ब्लूजची ती सुपरिचित खरखर येथूनच येते. दुसऱ्या ओळीत गायक तोच स्वर पुन्हा लावतो, पण आता खाली मध्यमाचा सेव्हन्थ असतो आणि कोमल गंधार हा त्याचा स्वतःचा स्वर असतो. जो स्वर पहिल्या ओळीत भांडत होता, तो दुसऱ्या ओळीत घरी येतो. शब्द तेच, चाल तीच, पण अर्थ पालटतो. आणि ही सुटका कशामुळे मिळते, तर नियमाने ज्याला तणावाचा कॉर्ड म्हटले त्यामुळे!

याची उलट परीक्षाही घेता येते. मध्यमाच्या कॉर्डमध्ये कोमल गंधाराऐवजी शुद्ध गंधार घालावा : पांढरी चार, पांढरी सहा आणि वरची पांढरी एक व पांढरी तीन. हा ‘मेजर सेव्हन्थ’ कॉर्ड एकटा ऐकला तर फार गोड लागतो. पण त्यावर कोमल गंधाराची चाल गुणगुणून पाहावी. दोन गंधारांची टक्कर होते आणि चाल चुकल्यासारखी वाटते. षड्जाच्या कॉर्डमध्ये शुद्ध निषाद घातला तरी तीच गत. नवशिक्या वादकाचा ब्लूज गुळगुळीत किंवा एखाद्या स्तोत्रासारखा वाटू लागला, तर बहुतेक वेळा दोष इथेच असतो : तीन स्वरांचे साधे कॉर्ड किंवा मेजर सेव्हन्थ वाजत असतात.

दोन बोटांत अख्खा ब्लूज

उलगड्याचा दुसरा भाग बोटांशी संबंधित आहे. सेव्हन्थ कॉर्डचा स्वभाव ज्या दोन स्वरांत असतो, तेवढेच दोन वाजवून पाहू.

षड्जाच्या सेव्हन्थमध्ये ते शुद्ध गंधार आणि कोमल निषाद, म्हणजे पांढरी तीन आणि काळी पाच. आता दोन्ही बोटे एकेक अर्धस्वर खाली आणावीत : काळी दोन आणि पांढरी सहा. हे कोमल गंधार आणि शुद्ध धैवत झाले आणि हेच मध्यमाच्या सेव्हन्थचे दोन प्राणस्वर आहेत. पुन्हा मूळ जागी येऊन दोन्ही बोटे एकेक अर्धस्वर वर न्यावीत : पांढरी चार आणि पांढरी सात, म्हणजे मध्यम आणि शुद्ध निषाद. हा पंचमाचा सेव्हन्थ. पेटीला दुहेरी स्वर असतील किंवा सोबत दुसरा वादक असेल, तर खर्जात अनुक्रमे सा, म आणि प धरावा. अवघ्या दोन बोटांच्या एका अर्धस्वराच्या हालचालीत बारा बारांचे संपूर्ण आवर्तन वाजवता येते. पियानोवादक आणि गिटारवादक ही युक्ती नित्य वापरतात.

यातून कानाला काय कळते? चौथ्या बाराकडून पाचव्या बाराकडे जाताना युरोपीय नियमाप्रमाणे गंधाराने वर आणि निषादाने खाली जाऊन गाठ सुटायला हवी होती. येथे दोन्ही स्वर हातात हात घालून एकाच दिशेने घसरतात. गाठ सुटत नाही. ती जशीच्या तशी एक पायरी खाली ठेवली जाते. एका कॉर्डमधल्या तणावाला दुसऱ्या कॉर्डमधल्या तशाच तणावाचे उत्तर मिळते. सर्वच कॉर्ड सारखे ताणलेले असल्यावर तो ताण राहत नाही, रंग होतो. पांढऱ्या भिंतीवर लाल ठिपका नजरेत खुपतो. सगळी भिंतच लाल असली तर तो त्या खोलीचा रंग ठरतो.

वाद्यांच्या वळणानेही यास हातभार लावला. गिटारवर किंवा पियानोच्या डाव्या हातात वाजणारा बूगी नावाचा ठेका असा असतो : पाया-स्वर धरून त्यावर पाचवा, सहावा आणि पुष्कळदा कोमल सातवा स्वर आलटून पालटून वाजवायचा. षड्जावर असताना हे पंचम, धैवत आणि कोमल निषाद होतात. कॉर्ड बदलला की वादक हाताची हीच रचना उचलून मध्यमावर किंवा पंचमावर नेतो. रचना तीच असल्याने कोमल सातवा स्वर प्रत्येक पायासोबत आपोआप जातो. येथे सेव्हन्थ हा ‘पुढे कुठे जायचे’ हे सांगणारा स्वर उरत नाही. तो पाया-स्वराची सावली होतो.

मग समाधान येते कोठून?

कॉर्ड जर सुटका देत नसेल तर ऐकणाऱ्याला घरी पोहोचल्याची जाणीव कशी होते? तिसरा भाग या प्रश्नाचे उत्तर देतो : ते काम आवर्तन करते.

अकराव्या बाराच्या पहिल्या मात्रेवर षड्ज येणार, हे चार-सहा आवर्तनांनंतर श्रोत्याच्या अंगात भिनते. तबल्याच्या साथीला बसलेल्या श्रोत्याला सम जशी आधीच जाणवते, तसेच काहीसे. आठव्या बारापर्यंत दोन ओळी झालेल्या असतात, नवव्या बारात पंचमावर उत्तराची ओळ सुरू होते, दहाव्यात मध्यमामार्गे उतरण लागते आणि अकराव्यात पायाखाली षड्ज येतो. गायकाचे शेवटचे अक्षरही बहुधा तेथेच पडते. खर्जातील स्वर, काव्याची तिसरी ओळ आणि मात्रांची मोजणी, तिन्ही एकाच ठिकाणी भेटतात. या भेटीपुढे कॉर्डमधील एका कोमल निषादाची कुरबुर किरकोळ ठरते. बाराव्या बारात पंचम येऊन गाडी पुन्हा पहिल्या बाराकडे वळवतो. या वळणाला वादक ‘टर्नअराउंड’ म्हणतात.

गाण्याच्या अगदी अखेरीस हे विशेष स्पष्ट होते. वादक शेवटचा कॉर्ड पुष्कळदा एक अर्धस्वर वरून घसरवत षड्जावर आणतात आणि तो कॉर्डही सेव्हन्थच असतो. पाठ्यपुस्तकाच्या दृष्टीने वाक्य अपूर्ण. श्रोत्याच्या दृष्टीने पूर्णविराम पडलेला असतो.

तरीही जुना नियम ब्लूजमध्ये संपूर्ण मेला आहे असे म्हणता येणार नाही. सुरुवातीच्या छापील ब्लूजमध्ये पहिल्या तीन बारांत साधा कॉर्ड आणि चौथ्या बारात सेव्हन्थ अशी मांडणी पुष्कळदा आढळते. तेथे कोमल निषाद नियमाप्रमाणेच पाचव्या बारातील मध्यमाकडे ढकलण्याचे काम करतो. आजही कसलेले वादक चौथ्या बारात तो स्वर मुद्दाम ठळक करतात. म्हणजे षड्जाचा सेव्हन्थ दुहेरी भूमिका करतो : पहिल्या बारात तो घर असतो, चौथ्या बारात घराचा उघडलेला दरवाजा.

निसर्गाचा दाखला आणि त्याची मर्यादा

सेव्हन्थ कॉर्ड स्वाभाविक का वाटतो, याचे आणखी एक उत्तर नेहमी दिले जाते, ते नादशास्त्राचे. कोणतीही तार छेडली की मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा कंपनसंख्यांचे उपस्वरही उमटतात. तार सेकंदाला १०० कंपने करीत असेल तर ४००, ५००, ६०० आणि ७०० कंपनांचे उपस्वर अनुक्रमे सा, ग, प आणि कोमल निषादाच्या जवळपासचा एक स्वर देतात. जुळलेल्या तानपुऱ्यातून ऐकू येणारा स्वयंभू गंधार हा यांतलाच पाचवा उपस्वर. सातवाही तेथे असतोच. म्हणजे षड्जाचा सेव्हन्थ एकाच तारेत दडलेला आहे आणि म्हणून तो नैसर्गिक, असा हा युक्तिवाद. ऑस्ट्रियाचे संशोधक गेरहार्ट कुबिक यांनी १९९९ मधील ‘आफ्रिका अँड द ब्लूज’ या ग्रंथात ब्लूजच्या स्वरव्यवस्थेची मुळे पश्चिम व मध्य सुदानी गवताळ पट्ट्यातील गायनपरंपरांत शोधताना उपस्वरांना महत्त्व दिले आहे.

युक्तिवाद आकर्षक आहे, पण तो तोलून घ्यावा लागतो. सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग केले, ज्यांना सेंट म्हणतात, तर हार्मोनियमचा कोमल निषाद १००० वर असतो आणि सातवा उपस्वर सुमारे ९६९ वर. अर्धस्वराच्या जवळजवळ एक तृतीयांशाचा हा फरक सरावलेल्या कानाला सहज कळतो. गायक किंवा तारेवर काच सरकवणारा गिटारवादक निषाद या खालच्या जागेवर नेऊ शकतो. पियानो नेऊ शकत नाही, तरीही पियानोवरचा ब्लूज खोटा वाटत नाही. शिवाय हेच गणित मध्यमाला लावले तर त्याचा सातवा उपस्वर षड्जापासून सुमारे २६७ सेंटवर, म्हणजे हार्मोनियमच्या ३०० सेंटवरील कोमल गंधाराच्याही खाली येतो. ब्लूजचा मधला गंधार मात्र कोमल आणि शुद्ध यांच्या दरम्यान फिरतो, उलट दिशेला. तेव्हा निसर्ग हा साक्षीदार खरा, पण एकटा त्याच्या साक्षीवर निकाल देता येत नाही. गळा, हात आणि आवर्तन यांची साक्ष अधिक भरवशाची.

जेथे हे लागू पडत नाही

बारा बार दिसले की सर्वत्र सेव्हन्थच असणार, असे समजणे चुकीचे ठरेल. बी. बी. किंग यांच्या १९६९ मधील ‘द थ्रिल इज गॉन’मध्ये आवर्तन बारा बारांचेच आहे, पण षड्ज आणि मध्यम यांवर कोमल तृतीय स्वराचे ‘मायनर’ कॉर्ड आहेत. तेथे शुद्ध आणि कोमल गंधारांचे घर्षणच उरत नाही, म्हणून गाण्याचा भाव खट्याळपणाकडे न झुकता थेट उदासीकडे जातो. चार्ली पार्कर यांच्या १९५१ मधील ‘ब्लूज फॉर अ‍ॅलिस’मध्ये उलट टोक दिसते : पहिल्या बारात चक्क मेजर सेव्हन्थ आणि पुढे जुन्या नियमाने एकमेकांना ढकलत जाणारी कॉर्डची लांब साखळी. आवर्तन ब्लूजचे, पण घरात तणाव नाही. आणि घर शांत होताच वाटेवरच्या सेव्हन्थ कॉर्डना त्यांचे मूळचे, पुढे ढकलण्याचे काम परत मिळते. जॉन ली हूकर यांनी तर १९४८ मध्ये ध्वनिमुद्रित केलेले ‘बूगी चिलन’ एकाच कॉर्डवर तोलून धरले आणि तरीही ते निखळ ब्लूज ठरले.

पंचमाची गोष्ट यांतही निराळी. त्याच्या सेव्हन्थमध्ये शुद्ध निषाद असतो आणि गायकाचा निषाद तर कोमल. म्हणजे नियमाप्रमाणे जो कॉर्ड सर्वांत योग्य जागी आहे, त्याचेच गळ्याशी सर्वांत कमी जमते! म्हणूनच की काय, नवव्या बारात पंचम आला की तो थेट षड्जाकडे जाऊन युरोपीय थाटाचा शेवट करीत नाही. दहाव्या बारात मध्यमावर उतरून, कोमल गंधाराचा हात धरून मग घरी येतो. प, म, सा हा उतरता क्रम पाठ्यपुस्तकाला उलटा वाटतो, ब्लूजच्या कानाला तो सरळ वाटतो.

‘जॉनी बी. गुड’ किंवा ‘हाउंड डॉग’ पुन्हा ऐकताना चारच्या हिशेबाने मात्रा मोजाव्यात आणि पाचव्या बाराची वाट पाहावी. खर्ज षड्जावरून मध्यमावर सरकतो त्या क्षणी गायकाचा गंधार कसा वागतो, तेवढेच ऐकावे. तेथे जे ऐकू येते ते दोन व्यवस्थांमधील समझोत्याचे फळ आहे : एक युरोपातून आलेली तीन कॉर्डची चौकट, दुसरी त्या चौकटीत न मावणारा गळा. चौकटीने गळ्याला वळवले नाही. गळ्याला हवे होते ते दोन स्वर चौकटीने आपल्या कॉर्डमध्ये सामावून घेतले.